कोटाचं अस्तर

१४ मार्च, गुरुवार

चि. बाळ्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

मी ठीक आहे. शिलाई मशीनचा पट्टा तुटला होता, तो बदलला. शेजारच्या काकूंचा गुडघा अजून कुरकुरतो, आणि काकूही. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय.

नऊ महिन्यांपूर्वी तू तुझ्या त्या मैत्रिणीला पहिल्यांदा माझ्या शिवणाच्या दुकानात घेऊन आलास. येण्याआधी मला बजावलं होतंस, ‘‘ताई, पगार, वय, वजन, लग्न, यातलं काही काढू नकोस. नुसत्या गप्पा मार.’’ मी हो म्हटलं. पण जित्याची खोड!

पाणी दिलं आणि लगेच विचारलं, ‘‘हातात किती पडतात गं?’’ ती हसली. ‘‘भागतं, ताई. हे पडदे तुम्हीच शिवलेत?’’ सुज्ञाने तिथेच थांबावं. मी पुढे, ‘‘दहावी कोणत्या साली? बाळ्यापेक्षा मोठी वाटतेस.’’ मग तिला एक कोट शिवून द्यावा म्हणून माप घ्यायला टेप लावला आणि दोन गिऱ्हाइकांसमोर बोलले, ‘‘चांगलीच भरलीयेस की! वजन किती?’’ ‘‘काट्याशी माझा अबोला आहे,’’ ती म्हणाली. तरी मला कळेना. टेप गळ्यात अडकवून मी विचारलंच, ‘‘मग यंदा कर्तव्य आहे ना?’’

तेव्हा मात्र तिने तुझ्याकडे पाहिलं. तू उठलास. दारात म्हणालास, ‘‘पहिल्याच भेटीत पंचनामा केलास.’’ मी वर तोंड करून म्हटलं, ‘‘परकी असती तर कशाला विचारलं असतं?’’ आपल्याकडे आपुलकी अशीच दाखवतात, असं मला खरंच वाटत होतं. आईनेही सगळ्यांना हेच विचारलं.

परवा तिच्या ऑफिसातल्या एक बाई कुर्ता आल्टर करायला आल्या. बोलता बोलता त्यांनी सांगितलं, ती गेल्या महिन्यात आजारपणात वारली. वर्षभर बिनपगारी रजेवर होती. अंगावरची सूज औषधांची होती. लग्नाची तारीख दोनदा ठरवून तुम्ही पुढे ढकललीत. मी विचारलेलं एकेक तिच्या दुखऱ्या जागीच लागलं रे, आणि ती मात्र हसून विषय बदलत राहिली. बाई गेल्यावर मी शटर ओढलं आणि रडले.

तुला एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी तू रिक्षा बघायला गेलास तेव्हा ती पायरीवर थांबली होती. म्हणाली, ‘‘ताई, तुम्हाला कोणतं कापड शिवायला आवडतं?’’ तीस वर्षं शिवतेय, हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी सांगत सुटले. लोकर कशी ऐकते, रेशीम कसं पळतं. ती मन लावून ऐकत होती. तेवढ्यात तू हाक मारलीस.

रागावू नकोस असं म्हणणार नाही. पण घरी ये. मी काही विचारणार नाही, नुसती शेजारी बसेन.

तिचा कोट कापून ठेवलाय, तेव्हाच्याच मापाचा. मी तो पुरा करणार आहे. अस्तर तेवढं राहिलंय. तिला इतकं विचारलं, पण आवडता रंग कोणता ते विचारलंच नाही. तुला ठाऊक असेल, तेवढं कळव.

तुझी चुकलेली,
ताई