बोट होती की नव्हती

३ मार्च, सकाळी
संपादकांचा फोन. आजारी माणसाच्या त्या थ्रिलरवर मी रविवारच्या सदरात लिहिलं, त्यावर वाचकांच्या तक्रारी. नर्स आणि आजाऱ्याचा भाऊ घर पेटवून बोटीतून पळतात, असं मी लिहिलं. चित्रपटात बोटच नाही म्हणे. संपादक म्हणाले, पुन्हा असं झालं तर सदर गेलं समजा. वार्ताहर म्हणून केस पिकले ते काय बोटी कल्पून?
संकल्प: चित्रपट पुन्हा पाहायचा. पेन हातात घेऊन.

४ मार्च
आधी शास्त्र लिहून ठेवतो. अशा चित्रपटात सांगणारा फसवतो, कॅमेरा नाही. कॅमेरा फक्त त्या एकाच माणसाच्या डोळ्यांमागे बसतो. इथे तो आजाऱ्याच्या पलंगावर आहे, म्हणून खोलीबाहेरचं एकही दृश्य नाही. आजारी म्हणतो, नर्स मला विष देते. पण चित्रात चमचा कोणाच्या हातात आहे ते पाहावं. डॉक्टर तिच्याशी बोलतो, म्हणजे ती भास नव्हे. दुसऱ्यांदा पाहताना बोलणारा सोडून ऐकणाऱ्यांचे चेहरे वाचावेत. दृश्यं तीच राहतात, अर्थ उलटतो. आणि सांगणाऱ्याचा मधला वेळ गायब असेल, तर मेख तिथेच.
हिला वाचून दाखवलं. म्हणाली, खोलीबाहेर काहीच दाखवत नाहीत, तर बोट काय पलंगाखालून गेली?
ही बाई एरवी इतकं नेमकं बोलत नाही. नोंद केली.

५ मार्च, दुपारी
पाहिला. डॉक्टर बॅग उघडतो तिथपर्यंत टिपणं मोत्यासारखी. पुढे पेनाची लांब रेघ, थेट सोफ्याच्या हातावर. मग एकदम श्रेयनामावली. दरम्यान चहा गार, पडदे ओढलेले, माझ्या अंगावर शाल. मी शाल घेतली नव्हती. घरात दुसरी व्यक्ती एकच.
अनुमान: कोणीतरी माझ्या वेळेशी खेळतंय.
बोट या वेळीही होती. हिरवी.

८ मार्च
ही बाल्कनीत, दार लोटून, फोनवर. "नाही हो भाऊजी, त्यांना अजून काही कळलेलं नाही," एवढं ऐकलं. भाऊजी म्हणजे आमचे संपादक. मी आत जाताच फोन बंद. चेहरा अगदी त्या नर्ससारखा: शांत, काळजीवाहू. विष देणारे असेच दिसतात.
तिने आणलेला चहा मोरीत ओतला. मग तल्लफ आली म्हणून तिच्याकडूनच दुसरा करून घेतला.

११ मार्च
चित्रपट मंडळाचं निमंत्रण. शनिवारी दुपारी तोच चित्रपट, नंतर माझं व्याख्यान. संपादकही येणार. भर सभेत बोट सिद्ध करीन. सदर वाचेल, कट उघडा पडेल.
ही म्हणाली, मी शेजारी बसते, लागलं तर चिमटा काढीन. ही उघड धमकी. तिला मुद्दाम मागची रांग दिली.

१५ मार्च, संध्याकाळी
व्याख्यानाची सुरुवात उत्तम. बोटीपाशी आलो आणि सभागृह गप्प झालं. मी मनात म्हटलं, हे थक्क झाले.
पहिल्या रांगेतल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका उठल्या. म्हणाल्या, "अहो, दुधात विष तो आजारी स्वतःच घालतो आणि दोष तिच्यावर ढकलतो. ती बिचारी गुपचूप पेला बदलते. डॉक्टर आले तेव्हाच तुमचा डोळा लागला. तो घोरण्याचा आवाज आम्हाला आजाऱ्याचाच वाटला. त्या अंधारात काय भीती वाटली म्हणून सांगू."
टाळ्या पडल्या. त्यांना.
संपादक चपलांकडे पाहत होते.

१६ मार्च
हिला थेट विचारलं. उत्तर: कित्येक वर्षं दर शनिवारी ती संपादकांना फोन करून खरा शेवट सांगते आणि ते माझा शेवट काढून तिचा छापतात. बोटीच्या आठवड्यात ती बहिणीकडे गेली होती.
आपलं छापील लिखाण आपणच वाचणं म्हणजे अहंकार, म्हणून मी ते कधी वाचत नाही. आज कात्रणं काढली. लोक मला रस्त्यात थांबवून ज्या ओळींचं कौतुक करायचे, त्या सगळ्या शेवटच्या परिच्छेदातल्या.
विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, सदर गेलं असतं तर तुम्ही दिवसभर घरात बसला असता.

१७ मार्च, दुपारी
संपादकांचा फोन. हिच्यासाठी. रविवारपासून सदर तिच्या नावावर.
मी मोठ्या मनाने परवानगी दिली. कोणी मागितली नव्हती. नवशिकीला जाणकाराची सोबत हवी, म्हणून आज तिच्याबरोबर नवा चित्रपट पाहायला बसलो आहे. एक विधवा सांगतेय की शेजारी तिच्या घरात शिरतो. मी लगेच ओळखलं, शेजारी नाहीच. हिने नुसतं हं केलं. अजून तर पहिलाच प्रसंग चाललाय. डोळे मिटून ऐकलं की सांगणाऱ्याच्या आवाजातला खोटेपणा जास्त कळतो, तो प्रयोग आता करतो. शेवट काय झाला ते हिला विचारून लिहीन.