माझ्या नावाचं अर्धं घर

आप्पा, तळेगावचं घर विकून वीस वर्षं होत आली, तरी अजून ते माझ्या स्वप्नात येतं. दर वेळी मी परसाच्या दारानं आत शिरते. चुलीपाशी आईची गोवऱ्यांची पाटी तशीच असते. मग आठवतं की घर विकलंय, आणि घेणारे लोक यायच्या आत निघायला हवं. पण चपला सापडत नाहीत. दौंडच्या क्वार्टरात जाग येते तेव्हा खरंच कुठून तरी चालून आल्यासारखे पाय दुखत असतात.

घर आईचं होतं. ती गेल्यावर वारसनोंदीत आपली दोघांची नावं लागली. तुम्ही विकायचं काढलंत, तेही माझ्याजवळ राहायला यायचं म्हणून. पण मला राग होता तो आईचं घर मोडल्याचा. शिरूरच्या रजिस्ट्री ऑफिसात तुम्ही दिवसभर माझी वाट पाहिलीत. रजा नाही, असा मी निरोप धाडला. रजा होती. शेवटी तुमच्या हिश्श्याचं खरेदीखत झालं आणि सगळे पैसे मोजून माझ्या सहीसाठी घेणाऱ्यानं तुमच्या शब्दावर भरवसा ठेवला.

पुढं चार वर्षं तुम्ही माझ्याकडे राहिलात. एकदाच म्हणालात, "बयो, तुझी सही ऱ्हायली हाय." मी भांडी घासत होते. नळ मोठा केला. तुम्ही पुन्हा विषय काढला नाही, आणि शब्द मोडलेला माणूस म्हणून गेलात. याची मला फार लाज वाटते.

गेल्या महिन्यात त्या घेणाऱ्याची बायको दारात आली. नवरा वारलेला. तिला जुनं पाडून स्लॅबचं घर बांधायचंय, पण ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर अजून अर्धं घर माझं. मला वाटलं, आता भांडेल. चहा घेऊन म्हणाली, "ताई, आमच्या मालकांनी आप्पांना कवाच बोल लावला न्हाई. लेक हाय, येईल म्हनायचे."

काल शिरूरला जाऊन माझ्या हिश्श्याचं खरेदीखत करून दिलं. फोटो निघाला, अंगठे झाले, दोन साक्षीदारांनी मला ओळखतो म्हणून सह्या केल्या. सगळं उरकायला तासही लागला नाही. इतक्याशा कामाला मी तुम्हाला ताटकळत ठेवलं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, माझ्याबरोबर जीपनं तळेगावला चला, घर पाडायच्या आत एकदा बघून घ्या. मी म्हटलं, दौंडची एसटी चुकेल. ती बरं म्हणाली आणि जीपकडे गेली.

हे लिहून तुमच्या जुन्या डब्याच्या पिशवीत ठेवणार आहे, दुसरीकडे कुठं धाडू? आप्पा, एसटीला दोन तास होते. मी स्टँडवर बसून राहिले. त्या घरात चुलीपाशी दुसरीच पाटी दिसली असती, तर स्वप्नातलंही घर गेलं असतं.