कोमलच्या कौतुकाची चिठ्ठी

मंगळवार, संध्याकाळ

वैताग आलाय नुसता. माझ्या वर्गातली कोमल रागावली की पोरींना ढकलायची. हल्ली स्वतःच बाजूला बसते, शांत झाली की बोलायला येते. काल तेच घरी लिहून पाठवलं: 'ही तिची मेहनत आहे. घरीही शाबासकी द्या, म्हणजे टिकेल.' आणि यंत्रमागाच्या कामावरून आलेल्या बापाने, शाळेची चिठ्ठी म्हणजे तक्रारच असं धरून, न वाचता तिला चापट मारली! शाबासकीसाठीही पालकांना बोलवावं लागतं का?

आज तिच्या वडिलांना शाळेत बोलावून, कोमललाही शेजारी बसवून, ती चिठ्ठी वाचायला लावली. वाचून त्यांनी विचारलं,

"मॅडम, आता हिला काय म्हणू?"

"वाचलंत तेच."

कोमलकडे वळून त्यांनी पुन्हा वाचली, या वेळी मोठ्याने. 'मेहनत' हा शब्द दोनदा वाचला.