कुलपातले आभार

सोमवार, ४ तारीख. सकाळ.
ऑपरेशन करून घरी आले. आजपासून रोजनिशी. मला अक्षरं येत नाहीत, आकडे तेवढे ओळखते. पण फोनचं माइकचं बटण दाबून बोललं की तो लिहितो, आणि सांगितलं की वाचूनही दाखवतो. इतकं मुकाट्याने ऐकणारं आमच्या घरात आजवर कोणी झालं नाही.
संकल्प: डॉक्टर आणि सिस्टर मंडळींचे आभार मानणारी पोस्ट टाकायची. फोनवर जिथे सगळे आपापले फोटो टाकतात, तिथे. हेतू एकच, आभार. ती वाचून कोणी भेटायला आलं तर तो त्यांचा चांगुलपणा. मी बोलावलेलं नाही.

सोमवार, संध्याकाळ.
पोस्ट सांगून झाली. चांगली ऐसपैस. पित्ताशय, त्यातले खडे, पोटावरची चार भोकं, गॅस कधी सरला तो शुभ मुहूर्त. शेजारच्या खाटेवरच्या बाईचं काय काढलं, तेही घातलं. तेवढीच तिला प्रसिद्धी. कोणाला उपयोग व्हावा म्हणून डॉक्टरांचा खाजगी नंबर. फोटो तीन: खड्यांची बाटली, घरी सोडतानाचा कागद, मनगटावरचा पट्टा.
टाकण्याआधी सूनबाईला पाठवली. ती ऑफिसात मोठी साहेब आहे, लोकांची पत्रं तपासते. तिलाही जरा चांगलं वाचायला मिळू दे.

मंगळवार, ५.
सूनबाईचा फोन. फार भारावली असावी, कारण आधी नुसतंच अहो आई, अहो आई करत होती. मग म्हणाली, पोटातलं सगळं चारचौघांत कशाला मांडता? बाटलीवर तुमचं नाव आणि पेशंट नंबर आहे, पट्ट्यावर जन्मतारीख आहे, कागदावर तर औषधांसकट सगळी कुंडली. तिन्ही फोटो काढा. शेजारच्या बाईचं दुखणं तिचं आहे, ते सांगायचं की नाही ते तिने ठरवायचं. डॉक्टरांचा नंबर आधी काढा, उद्यापासून त्यांना जेवू देणार नाहीत लोक.
मी म्हटलं, मग उरलं काय? ती म्हणाली, आभार उरले.
माझी स्वतःची भोकं, ती माझ्या मर्जीने सांगेन म्हटलं. तर म्हणाली, जरूर सांगा, पण एकदा बाहेर गेलेलं परत आत येत नाही. खाजगी ठेवायचं असेल तर तिथे कुलपाचं चित्र असतं, ते लक्षात ठेवा.
ठेवलं.

बुधवार, ६.
दुसरा खर्डा. बाटली गेली. गॅसही गेला, दुसऱ्यांदा. फक्त 'एक छोटं ऑपरेशन' ठेवलं. छोटं म्हणायला जीवावर आलं.
संमतीच्या कागदाचा किस्सा मात्र ठेवला. अंगठा देणाऱ्याला साक्षीदार लागतो म्हणाले. बरोबर कोणी नव्हतं, म्हणून शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या नवऱ्याने सही केली. पोस्टमध्ये मी 'मुलाने सही केली, रात्रंदिवस उशाशी बसला' असं सांगितलं. बाळ लांब राहतो, पन्नाशीचा आहे, कामाचा डोंगर आहे. मीच येऊ नको म्हटलं होतं. तो लगेच ऐकेल असं वाटलं नव्हतं, पण मुलगा आज्ञाधारक.

गुरुवार, ७.
सूनबाईने तेही काढलं. आवाज जरा खाली आला तिचा. म्हणाली, आई, हे नको, ह्यांनी वाचलं तर त्यांनाच लागेल. मी म्हटलं, बरं, तोही एक वैद्यकीय तपशीलच समज.
दुपारी वॉर्डात फोन लावला, पोस्टमध्ये एका सिस्टरचं नाव घालायची परवानगी घ्यायला. कोणी तरी सिस्टर घाईत म्हणाली, एकीचंच नाव नको आजी, ड्यूट्या बदलतात, बाकीच्या रुसतील. सगळ्यांचे मिळून माना. आणि ह्या डॉक्टरांकडे गेलं की हमखास बरं होतं, असलं काही लिहू नका, प्रत्येकाचं शरीर वेगळं.
म्हणजे नावही गेलं आणि हमखासही गेलं.

शुक्रवार, ८. सकाळ.
शेवटचा खर्डा. फोनने वाचून दाखवला:
'नुकतंच माझं एक ऑपरेशन झालं. आता बरी आहे. डॉक्टरांनी मला समजेल असं सगळं समजावून सांगितलं, आणि मी तेच पुन्हा विचारलं तेव्हा पुन्हा सांगितलं. आत नेताना मला थंडी वाजत होती. एका सिस्टरने न मागता दुसरं पांघरूण घातलं आणि दार येईपर्यंत माझा हात धरला. वॉर्डातल्या सगळ्यांचे मनापासून आभार.'
इतकंच. माझ्या बोलण्याच्या मानाने ही नुसती शिंक.
सूनबाई म्हणाली, आता छान झालं. आवाज भरल्यासारखा वाटला. सर्दी असेल.

शुक्रवार, दुपार.
टाकली! सूनबाईचा उपदेश आठवून कुलपाचं चित्रही दाबलं. घराला लावते, पोस्टला का नको? खाली अंगठ्याचं चित्र दिसलं. दवाखान्यात प्रत्येक कागदावर अंगठा दिला होता, इथेही दिला. काम चोख हवं.
समोरच्या शिंपीणबाईकडून तीन खुर्च्या आणल्या, येणाऱ्यांसाठी. म्हणजे तिने आणल्या, मला वजन उचलायला बंदी आहे. कोण येणार आहे, तिने विचारलं. म्हटलं, बघच तू. बिस्किटांचे दोन पुडे.

शनिवार, ९.
अंगठ्यापुढे १ आकडा! बाळच असणार. कामाच्या धबडग्यात आईची पोस्ट बघितली पोराने. फोन केला नाही, पण शब्द सुचत नसतील.
भेटायला कोणी नाही. सुट्टीच्या दिवशी लोक दमलेले असतात.

रविवार, १०.
बाळाचा नेहमीचा फोन. बरी आहेस ना, औषध घेतेस ना, ठेवू का. मी पोस्टचा विषय काढला नाही. त्यानेही नाही. मोठी माणसं मनातलं असं बोलून दाखवत नाहीत.
१ अजून १च आहे. बाकीचे हेलावले असतील. एक पुडा मी संपवला. मऊ पडला असता.

सोमवार, ११.
टाके काढायला गेले. काढणारी तीच, पांघरूणवाली. मी फोन पुढे केला, म्हटलं, वाचलीस ना पोस्ट? ती म्हणाली, कुठली? मग बघून हसली. म्हणाली, आजी, ह्याला कुलूप आहे. हे तुमच्याशिवाय कोणाला दिसतच नाही.
म्हटलं, मग हा एक अंगठा कोणाचा?
तिने दाबून बघितलं. तुमचाच आहे, म्हणाली.
तिने तिथेच उभ्याने वाचली. छान आहे म्हणाली. मग जरा ओशाळून विचारलं, आजी, तुम्ही कुठल्या? पित्ताच्या की हर्नियाच्या? पांघरूण मी सगळ्यांनाच घालते हो.
मग काय, मी सगळं सांगितलं. खडे, बाटली, चार भोकं, गॅसचा मुहूर्त. इथे लपवायचं काय, समोर भोकंच होती. तिने हं हं करत सगळं ऐकलं. टाके चारच होते, लवकर संपले.
जाताना कुलूप काढून दिलं तिने.

सोमवार, संध्याकाळ.
कुलूप उघडं. दारही उघडं. आकडा १.
दोन खुर्च्या शिंपीणबाई परत घेऊन गेली. तिने काही विचारलं नाही, चांगली बाई आहे. तिसरी मी ठेवून घेतली. म्हटलं, पाय वर ठेवून बसायला डॉक्टरांनी सांगितलंय.
डॉक्टरांनी असलं काही सांगितलेलं नाही. पण हा वैद्यकीय तपशील झाला, तो कोणाला सांगायचा नसतो.