अकरा 'आम्ही' आणि एक ताट

अनसिंग, जि. वाशीम
१९ एप्रिल, दुपार (ऊन किती आहे ते विचारू नको)

प्रिय मित्र उत्कर्ष यास,

अश्वजितचा इथल्या उन्हाइतका कडक जयभीम. तुझी, वहिनींची आणि त्या जर्मन बोलणाऱ्या लेकीची तब्येत ठणठणीत असेल असं धरून चालतो. इकडे तुझी आई, म्हणजे आमच्या विमलबाई, मजेत आहेत. गुडघा सोडला तर त्यांची काही तक्रार नाही, आणि गुडघ्याबद्दल त्या तुलाही फोनवर सविस्तर सांगत असतील, तेव्हा मी वेगळं सांगत नाही. हे पत्र मी दुकानाच्या कॉम्प्युटरवर टाइप करून पीडीएफ पाठवतो आहे, कारण मेसेज केला असता तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास. अंगठ्यावर भागणारं हे प्रकरण नाही. तुझी फेसबुकची पोस्ट जमली आहे, लेका! जमली म्हणजे काय, मी सकाळपासून खुर्चीत नीट बसलेलो नाही. गिऱ्हाइकाचं लग्नाचं बॅनर तसंच अर्धवट पडलं आहे आणि नवरदेवाला अजून मान नाही.

पण सुरुवातीपासून सांगतो. काल तुमच्याकडे जर्मनीत हॉलमध्ये जयंती झाली (चौदा तारखेला सुट्टी नसते म्हणून शनिवारी, हे ठीकच) आणि आज सकाळी तुझा कच्चा मजकूर आला. खाली लिहिलंस, 'गावाकडच्या दोस्तांना आपलं वाटलं पाहिजे असं करून दे, मागल्या साली काहीतरी चुकलं.' काहीतरी! मागल्या साली तू चौदा जणांचे नावानिशी आभार मानलेस आणि त्यांत अनसिंगचा एक माणूस नव्हता. आपला मुन्ना तेव्हापासून रुसला. तुझ्या एका फोटोला त्यानं हात लावला नाही, ग्रुपवर तुझं नाव निघालं की हा गप्प. वीस वर्षांची दोस्ती अशी चौदा नावांखाली दबून जावी, हे मला पाहवत नव्हतं. म्हणून ठरवलं की यंदाची पोस्ट मी माझ्या हातानं घडवीन. फ्लेक्सच्या धंद्यात अकरा वर्षं काढली आहेत. कोणाचं नाव कोणाच्या खाली गेलं की कोण दुकानात येऊन टेबल बडवतो, हे मला जेवढं कळतं तेवढं गावात कोणाला कळत नाही.

तुझा मजकूर वाचला आणि प्रथम माझं डोकं फिरलं. पहिलंच वाक्य, 'सातासमुद्रापार आम्ही आपला वारसा अभिमानाने जपला.' अरे, मग आम्ही इथं काय गहाण टाकला? पुढे जयंती म्हणजे काय, तिची चार ओळी माहिती. ती तुझ्या ऑफिसातल्या लोकांसाठी उत्तम आहे, त्यांना कळलीच पाहिजे. पण आपल्या ट्रॅक्टरवाल्या भाऊसिंगाला जयंती समजावून सांगितलीस तर तो म्हणेल, मी काय कालच गावात आलो? ज्याला ठाऊक आहे त्याला समजावून सांगणं म्हणजे त्याला दाराबाहेर उभं करणं. म्हणून पहिलं काम, पोस्टी दोन कर. एक तुझ्या तिकडच्या लोकांसाठी, इंग्रजीत, माहितीसकट. दुसरी आपल्यासाठी, आणि ती पाठवताना फेसबुकात कोणाला दिसावी ते निवडायची सोय असते, तिचा उपयोग कर. पुढचं वाक्य, 'इथे सर्व शिस्तीत, वेळेत, ना धूळ ना गोंगाट.' हे मी वाचताक्षणी उडवलं. तुझ्या मनात काही नसेल, पण धूळ आणि गोंगाट म्हणजे आम्हीच की रे!

आता माझी चूक सांगतो, हसायचं तर हस. तुझ्या मजकुरात 'आम्ही' मोजले. अकरा निघाले. आम्ही सजवलं, आम्ही शिजवलं, आम्ही वंदना घेतली. मला वाटलं, दुखणं सापडलं! आपली मराठी किती हुशार आहे बघ, 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर, 'आपण' म्हटलं की आत. मी कॉम्प्युटरला एक हुकूम दिला, सगळे 'आम्ही' खोडून 'आपण' कर. एका क्षणात काम फत्ते. मोठ्या ऐटीत मुन्ना आणि भाऊसिंग या दोघांना दुकानात बोलावलं, पंख्याखाली बसवलं, थंडगार पाणी दिलं आणि मोठ्यानं वाचायला लागलो. 'आपण पहाटे उठून तीन किलो तांदळाची खीर केली.' मुन्नानं ग्लास खाली ठेवला. म्हणे, "आपण कधी केली बे खीर? मी तं त्या टायमाले झोपून होतो." मी पुढे गेलो, 'आपण खीर बुडाशी लागू दिली.' मुन्ना उखडला, "म्या खाल्ली बी नाही अन् लावली बी म्याच?" तिकडे भाऊसिंगाची वेगळीच अडचण. त्याला ते 'आपण' अदबीचं वाटलं. सरकारी नोटिशीत असतं ना, आपण हजर राहावे, तसलं. तो म्हणाला, "हा मले आपण-आपण काहून करून राह्यला? नातं तोडून राह्यला काय?"

दोन्ही वाक्यं मी पुन्हा वाचली. मग लक्षात आलं की खोटं 'आपण' हे खऱ्या 'आम्ही'पेक्षा वाईट. जे काम तुम्ही तिकडे केलं, ते आमच्या नावावर चढवून आम्ही आत येत नाही, उलट जास्त बाहेर पडतो. खीर तुमची, तिथं 'आम्ही'च पाहिजे. 'आपण' फक्त तिथं, जे खरोखर दोघांचं आहे. मग एकेक वाक्य हातानं तपासलं. अकरातले तीनच 'आपण' टिकले. खिरीचा एक 'आम्ही' जिथल्या तिथे ठेवला आणि उरलेले सात वाक्यासकट गेले.

'तुम्हाला सर्वांना खूप मिस केलं' हेही काढलं. सर्वांना म्हणजे कोणालाच नाही. आणि त्याच शोधात, उत्कर्ष, शेवटून दुसऱ्या ओळीत मला खजिना सापडला! तू लिहिलं होतंस, 'शेजाऱ्यांच्या तक्रारीमुळे स्पीकर बंद करावा लागला, तेव्हा एकाने ताटावर ताल धरला.' कोणी? मी लगेच तुला फोन लावला (तुमच्याकडे सकाळचे सात होते, वहिनींची माफी मागतो). तू झोपेत म्हणालास, मीच. कोणता ताल, विचारलं, तर तू तोंडानं वाजवून दाखवलास. अरे, तो तर बारा वर्षांपूर्वीचा! मिरवणुकीत बसस्टँडसमोर जनरेटर बंद पडला, ढोलवाले दमले होते, आणि मुन्नानं बांधकामावरचं घमेलं उचलून जो ताल लावला तो थेट चौकापर्यंत. भाऊसिंगानं मागून ट्रॅक्टरचे लाइट पाडले. ते सगळं तू जर्मनीत घेऊन गेलास, आणि पोस्टीत 'एकाने' लिहून मोकळा झालास! मी फोन ठेवला आणि नाचलो. खरंच नाचलो, समोरच्या किराणावाल्यानं पाहिलं.

आता तयार मजकूर घे. तुझ्याच बोलीत केला आहे, कारण 'अत्यंत हर्ष होत आहे' असं तू जन्मात बोलला नाहीस.

'दोस्तहो, जयभीम. काल आपली जयंती इकडं बी झाली. आमी पाहाटे उठून खीर केली, बुडाले लागली, तरी लोकायनं चाटून खाल्ली. वंदनेले साठ लोकं होते. मंग शेजाऱ्यायनं स्पीकर बंद कराले लावला. सारे एकमेकाच्या तोंडाकडं पाहून राह्यले. म्या ताट उचललं अन् मुन्नाचा घमेल्याचा ताल धरला. जनरेटर बंद पडला होता तोच. भाऊसिंग, तुह्या ट्रॅक्टरचा उजेड तेवढा कमी होता. आपण त्या दिवशी चौकापर्यंत गेलो होतो, म्या काल हॉलच्या दारापर्यंत गेलो. यंदा आपली मिरवणूक कोणत्या रस्त्यानं वळवली? पुढं कोण होतं? फोटो टाका.'

शेवटचा प्रश्न मुद्दाम आहे. 'कशी वाटली पोस्ट' विचारलं की लोक अंगठा देतात, बातमी विचारली की बोलतात. आम्हालाही सांगायचं असतं रे. फोटो चौतीस नको, चार पुरे, आणि पहिला तो सर्वांच्या रांगेचा नको (चेहरे तिळाएवढे दिसतात). पातेल्याचं करपलेलं बूड पहिलं टाक. बाबासाहेबांच्या फोटोला हार घालतानाचा दुसरा. वीस जणांना टॅग करू नको, नावं मजकुरात आली की पुरे. वेळ दुपारी साडेचारची धर, इथं रात्रीचे आठ असतात आणि सगळे जेवून फोन घेऊन बसलेले असतात. आणि आधी टाकून मग दुरुस्त करू नको, जुनं रूप लोकांना उघडून पाहता येतं.

शेवटची परीक्षा विमलबाईंची. त्यांना फेसबुक दिसत नाही, वाचूनच दाखवावं लागतं, आणि वाचताना जीभ अडखळेल असं काही त्यात नको. तुझे ते खिडकीसारखं चिन्ह लावलेले हॅशटॅगचे शब्द तिथंच गेले. त्यांनी सगळं ऐकलं, डोळे पुसले आणि एवढंच विचारलं, "साठ लोकं जेवले म्हंतो, पन ह्यानं सोता खाल्लं का नाही?" ते तेवढं आईला फोन करून सांग.

वहिनींना जयभीम, लेकीला गोड पापा.

तुझा,
अश्वजित

ता. क. पत्र पूर्ण होत होतं तेवढ्यात मुन्ना आला आणि स्क्रीनवर वाचून भडकला. म्हणे, "म्या कधी रुसलो बे? माह्या फोनात फेसबुकच नाही. ग्रुपवर गप्प तं तू होता." त्याचं खरं आहे. वर जिथे मुन्ना रुसला लिहिलं आहे, तिथे माझं नाव वाच. त्या चौदा नावांत मी माझं नाव तीनदा शोधलं होतं.

ता. क. दुसरा. वरच्या मजकुरात मुन्ना आहे, भाऊसिंग आहे, ट्रॅक्टरसुद्धा आहे. मी नाही. दिवसभर लोक स्वतःचं नाव मोठ्या अक्षरात छापून घ्यायला माझ्याकडे येतात, पण मला माझं नाव तिथं माझ्या हातानं टाकता येईना. तू टाक. त्या मिरवणुकीत मी कुठे होतो ते तुला आठवत असेल, तर जागा तुला सापडेल. साडेचारच्या आत सापडली तर बरं.