कावळा का येत नाही

१२ ऑक्टोबर, रविवार

सुशांत परत आला होता! तिची वही मागायला. सापडत नाही म्हणालो. वही गादीखाली होती आणि मी गादीवर बसलो होतो.

दर्शना जाऊन आज बत्तीस दिवस. शाळेत चित्रकला शिकवायची, आणि सुट्टीत या सुशांतबरोबर एका स्पर्धेसाठी दीड मिनिटाची अ‍ॅनिमेशन फिल्म लिहायची. तो पोलादपूरचाच. मुंबईत हेच काम करायचा, आता घरून करतो. तिला ताई म्हणतो, मला भावोजी.

दहाव्याचं डोक्यातून जात नाही. सावित्री नदीच्या काठावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. मी म्हटलं, तुझ्या आईला सांभाळीन. नाही. मेव्हणा काही बोलला. नाही. अर्धा तास झाला. मग हा सुशांत चपला काढून पुढे आला — "ताई, फिल्म पुरी करतो" — आणि कावळा झपकन खाली!

सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले.

अकरा वर्षांचा संसार. आणि जीव कशात अडकला होता, तर त्याच्या फिल्ममध्ये.

१३ ऑक्टोबर

वही वाचली. फिल्मही कावळ्याचीच! तिच्या वडिलांच्या दहाव्याला तासभर ताटकळलो होतो, त्यावरून सुचलेली दिसते. संवाद नाहीत. म्हातारा शेतकरी जातो. घाटावर तिघं एकेक वचन देतात, डोक्यावरच्या फुग्यात चित्र — मुलाच्या फुग्यात घराचं छप्पर, मुलीच्या फुग्यात आईची औषधं, भावाच्या फुग्यात बांध. कावळा येत नाही. का?

पुढचं पान जवळजवळ कोरं. वर फक्त 'शेवट?' आणि खाली :

'धक्का बसला पाहिजे. पण दुसऱ्यांदा बघताना वाटलं पाहिजे, अरे, समोरच तर होतं! फिल्मने खोटं बोलायचं नाही. बघणाऱ्याने स्वतःच चुकीचं समजायचं.'

समासात सुशांतचं अक्षर — 'ताई, भारी!!'

वही मिटली. भारी म्हणे.

१६ ऑक्टोबर

मीच सुशांतला फोन केला. शेवट काय ठरवलास? म्हणाला, म्हाताऱ्याचं भूत फांदीवर बसलेलं असतं, कावळ्याला धरून ठेवतं.

"तो आधी कुठे होता?"

"आधी दिसत नाय ना, भावोजी. तोच ट्विस्ट."

"मग ती फसवणूक झाली. शेवटी नवीन माणूस आणायचा आणि म्हणायचं, ओळखा!"

मला फार बरं वाटलं! किती दिवसांनी.

शेवट मी लिहीन म्हणालो. कसं बोलून गेलो कोण जाणे.

१९ ऑक्टोबर, रविवार

कापडे गावाला सासूबाईंकडे. भात पिवळं पडलंय. शेतात बुजगावणं उभं होतं, चौकड्याचा शर्ट घातलेलं. वाऱ्याने बाही हलली तशी बांधावरचे दोन कावळे उठले.

मी बांधावरच बसून राहिलो. सापडलं!

कावळा रागावलेला नाही. तो घाबरलाय. घाटाच्या मागे शेत आहे, शेतात बुजगावणं आहे. पहिल्यापासून चित्रात. मुलगा वचन देतो त्याच क्षणी वारा येतो, कडेला बाही हलते, कावळा उडतो. बघणाऱ्याला वाटतं, वचन पसंत पडलं नाही. आपण म्हटलेलंच नाही तसं! शेवटी सगळे निघून जातात, बुजगावणं वाऱ्याने गर्रकन फिरतं, आडवं होतं — अंगात म्हाताऱ्याचा शर्ट, तो गेल्यावर बायकोने चढवलेला. त्याचा तोच कावळ्याच्या वाटेत उभा होता. कावळा खाली येतो.

हे सुशांतला सुचलं नसतं.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. घरात सुतक नाही, पण मन नाही. एक पणती लावली. दिवसभर मोबाइलचं घड्याळ लावून सेकंद बसवले. पहिलं वचन अठरा सेकंद, दुसरं तेरा, तिसरं आठ. लांबवत बसलो तर बघणारा आपल्या आधी पोहोचेल. उलगडा बाहत्तराव्या सेकंदाला. त्यानंतर सहा-सात सेकंद काहीच हलवायचं नाही, माणसाला मनात मागे जाऊन यायला तेवढा वेळ लागतो.

२६ ऑक्टोबर, रविवार

सुशांतने नुसती पेन्सिलची चित्रं ठरल्या वेळेने एकामागून एक लावून आणली. हात चांगला आहे त्याचा. मान्य करायला जड जातं.

सासूबाईंना दाखवली. काही न सांगता. त्या एकदम म्हणाल्या, "ह्या कोनी लिवलं? गेलेल्याचा शर्ट त्याची बायको बुजगावन्याला घालते व्हय? येडी का काय! गेलेल्याची कापडं देऊन टाकतात."

सुशांत हसला. मी नाही. माझीच चूक होती. दर्शनाच्या साड्या मी एकही दिलेली नाही, म्हणून मला ते कळलंच नाही बहुतेक.

परत येताना ठरलं — शर्ट म्हाताऱ्याने जिवंतपणीच घालायचा. पहिल्या दहा सेकंदांत म्हातारा अंगातला शर्ट काढून बुजगावण्याला चढवतो.

"मग कळेलच की!" सुशांत.

"नाही कळणार. त्या वेळी बायको जेवण घेऊन येते आणि उघड्या म्हाताऱ्याला बघून हसते. लोक हसण्याकडे बघतील. शर्ट गंमत म्हणून जाईल."

"ताईसारखं बोलता भावोजी," म्हणाला. राग आला. ती कशी बोलायची ते हा मला सांगणार!

२ नोव्हेंबर, रविवार

धम्मपालला घरी बोलावलं. एमआयडीसीत आम्ही एकाच खात्यात, माल बाहेर जाण्याआधी तपासायचा. त्याची नजर पक्की.

"आमच्यात कावळा-बिवळा नाय हां," म्हणत बसला.

"म्हणूनच तुला बोलावलं."

पहिल्यांदा बघितली. बुजगावणं फिरलं तसा खुर्चीत सरळ झाला. "आयला!" लगेच म्हणाला, "थांब, चीटिंग हाय. परत लाव."

परत लावली. सातव्या सेकंदाला ओरडला, "अरे इथंच तर घालतोय! समोर!" मग प्रत्येक वाऱ्याला बोट दाखवत गेला. "बाही... बाही... आणि मी त्या पोरालाच शिव्या देत होतो!"

सुशांतने माझ्या पाठीवर थाप मारली. मी हात झटकला नाही.

धम्मपाल गेल्यावर एक विचार आला. दोन गोष्टी एकदम झाल्या की आपण जोडून टाकतो. मग त्या दिवशी काठावर मी काय केलं?

४ नोव्हेंबर

रंग भरून झाले. पाठवायची मुदत उद्या.

५ नोव्हेंबर

पाठवली. नावं घालताना सुशांत म्हणाला, "शेवट : किशोर, असं लिहू ना?" मी नको म्हटलं.

"ताईंनीच सांगितलं होतं तसं. शेवट ह्यांना विचारते म्हणाल्या. बोलत नाहीत, पण ह्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. हेच तर सांगायला येत होतो मी. तुम्ही बोलूच कुठे दिलंत? विचारलं नाय का त्यांनी?"

नाही म्हणालो.

विचारलं होतं. ऑगस्टमध्ये, भाजी निवडताना. "कावळा का येत नसेल, सांगा बरं?" मी मोबाइलवरून मान वर केली नव्हती.