कोऱ्या चार ओळी

दमास्कस, रबीउल आखिर, हिजरी ७४६

चि. यूनुस यास ताईचा सलाम व आशीर्वाद.

तुझ्या इतिहासात ७४५ सालच्या मृतांत माझा मुहसिन लिहिलास, हे कळले. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. तुला कळवणाऱ्या मसालेवाल्याला मी काफिल्यांच्या सरायीत जाऊन गाठले. त्याने स्वतः काही पाहिलेले नाही. उंटवाल्याकडून ऐकले म्हणतो, आणि उंटवाल्याने मोसुलात कुणाकडून तरी. अशा साखळीवर तू एखाद्या सुभेदाराची बदलीसुद्धा लिहिणार नाहीस. शेजारणी सूनबाईला नवऱ्याच्या शोकाला, इद्दतीला बस म्हणून सांगू लागल्या आहेत. मी अजून त्याचे ताट मांडते.

आदमापासूनचे पैगंबर, इराणचे राजे, यांना तू वर्षांवाचून, राजवटीवार जागा दिलीस. माझ्या मुलालाच वर्षाची एवढी घाई का?

लोभ असू दे.
जुवैरिया

कैरो, जमादिउल आखिर

ती. ताईस यूनुसचा सलाम, वि. वि.

नाव खोडले. पण माझी अडचण ऐक. पैगंबरांच्या हिजरतीपासून पुढे सगळे सालवार चालते. सालाच्या आरंभी सुलतान, सुभेदार, काझी. मग महिन्यांच्या क्रमाने घटना. शेवटी त्या साली वारलेले. ज्याला साल नाही, त्याला या घरात खोली नाही. मुहसिनला ती मिळावी, एवढीच माझी धडपड होती.

आता त्याला ७४५ च्या घटनांत घेतले आहे: 'या साली मुहसिन हदीस ऐकण्यासाठी दमास्कसहून मोसुलास निघाला.' त्याच सालच्या मृतांखाली चार ओळी कोऱ्या सोडल्या आहेत. नकलनवीस विचारतो, शाई संपली का? त्याला म्हटले, आमच्या ताईला विचार. ती काझींपेक्षा कडक साक्ष घेते. जर्दाळूची पोळी पाठव, रागावली असलीस तरी.

कृपा असावी.
यूनुस

दमास्कस, शव्वाल

चि. यूनुस यास सलाम व आशीर्वाद.

मोसुलचे एक इमाम हजला जाताना इथे उतरले. मुहसिनला दफनाआधीचे न्हाण, गुसल, त्यांनी स्वतःच्या हाताने घातले. मी काही सुचवले नव्हते. गुडघ्यावरची खूण त्यांनीच सांगितली. तुतीवरून पडला तेव्हा तूच ते रक्त धुतले होतेस. मध्ये कुणी उंटवाला नाही. आता मला विचारण्यासारखे उरले नाही.

त्याला नेणारा ताप सफर महिन्यातला, याच सालचा. तेव्हा त्याला ७४६ च्या मृतांत लिही, आणि इमामांचे नाव घालून लिही. निघाला एका सालात, गेला दुसऱ्यात. वाचणाऱ्याला मधली पाने उलटावी लागतील. उलटू देत. सूनबाई आजपासून इद्दतीला बसली.

पोळी इमामांबरोबर निघालेल्या काफिल्याकडे देता आली नाही, त्यांची वाट वेगळी. दुसऱ्या कुणाबरोबर धाडते.

७४५ खालच्या त्या चार ओळी मात्र दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. नकलनवीस कुरकुरला तरी कोऱ्याच राहू देत. त्या साली तो जिवंत होता.

माया आहे तशीच ठेव.
जुवैरिया